चावडीवरचे बोलणे आणि संशोधकाची वही

फेसबुकवरचा एखादा समूह शोधायचा, वर्षभराच्या पोस्ट आणि कॉमेंट एका फाइलमध्ये उतरवून घ्यायच्या, शब्द मोजायचे, त्यातून चार-पाच ‘थीम’ काढायच्या आणि प्रबंधात पद्धतीच्या प्रकरणात ‘नेटनोग्राफी’ असे लिहून टाकायचे. ही रीत आता चांगलीच रुळू लागली आहे. समूहातल्या कुणालाही पत्ता नसतो की आपण कुणाच्या तरी तक्त्यात जाऊन बसलो आहोत. विचारले तर उत्तर ठरलेले असते: ‘सगळे उघडेच आहे की, कुणीही वाचू शकतो.’

माझे म्हणणे असे की हे उत्तर नीतीच्या दृष्टीने तोकडे आहेच, पण पद्धतीच्या दृष्टीनेही ते चुकीचे आहे. न सांगता उचललेल्या मजकुरातून जे हाती येते ते त्या समाजाचे चित्र नसते, स्क्रीनवर उरलेल्या अक्षरांचे असते.

नेटनोग्राफी हा शब्द मार्केटिंगचे अभ्यासक रॉबर्ट कोझिनेट्स यांनी १९९० च्या दशकाच्या मध्यात रूढ केला. ‘स्टार ट्रेक’ या मालिकेच्या चाहत्यांचा अभ्यास करताना त्यांनी तो घडवला. मानवशास्त्रज्ञ गावात जाऊन राहतो, सहभागी निरीक्षण करतो, रोज वही लिहितो. हेच काम लोक जिथे ऑनलाइन जमतात तिथे करायचे, एवढा त्याचा साधा अर्थ. यातला ‘ग्राफी’ हा भाग जगण्याच्या वर्णनाचा आहे, डाउनलोडचा नाही. २००२ च्या लेखात कोझिनेट्स यांनी स्वतःच काही अटी घातल्या: संशोधकाने आपली ओळख आणि हेतू समूहाला सांगावा, लोकांची ओळख गुप्त ठेवावी, आणि निष्कर्ष त्यांच्यापुढे परत नेऊन त्यांचे म्हणणे ऐकावे. तीनच वर्षांनी लँगर आणि बेकमन या संशोधकांनी याला आव्हान दिले. कॉस्मेटिक शस्त्रक्रियेसारख्या नाजूक विषयावर लोक बोलत असताना मध्येच ‘मी संशोधक’ म्हणून उभे राहिले तर बोलणेच थांबेल. शिवाय अशा ठिकाणी लिहिणे म्हणजे वर्तमानपत्राला वाचकांचे पत्र पाठवण्यासारखेच आहे, असा त्यांचा युक्तिवाद होता.

हा युक्तिवाद सहज झटकता येत नाही. पण वाचकांचे पत्र लिहिणारा संपादकाला लिहितो, अनोळखी हजारोंसाठी लिहितो आणि खाली स्वतःचे नाव-गाव आपणहून घालतो. ऑनलाइन समूहातला माणूस बहुतेक वेळा चावडीवर बसल्यासारखा बोलतो. चावडी उघडीच असते, जाणारा-येणारा ऐकतो, याची बोलणाऱ्याला कल्पना असते. पण खांबामागे कुणी वही घेऊन बसले आहे हे कळले तर तो गप्प होईल किंवा उठून जाईल. हे मोजूनही पाहिले गेले आहे. हडसन आणि ब्रकमन या संशोधकांनी २००४ मध्ये छापलेल्या प्रयोगात चॅटरूममध्ये शिरून ‘आम्ही अभ्यासासाठी संभाषण नोंदवतो आहोत’ असा संदेश टाकला, तेव्हा सुमारे ६३ टक्के ठिकाणांहून त्यांना बाहेर काढले गेले. काहीच न बोलता शिरले तेव्हा हे प्रमाण २९ टक्के होते. ७६६ जणांना स्वतःहून ‘हो’ म्हणण्याची संधी दिली, तेव्हा फक्त चौघांनी ती घेतली. त्या दोघांनी यावरून निष्कर्ष काढला तो असा की चॅटरूमसारख्या ठिकाणी संमती घेणे व्यवहारात जमत नाही, म्हणून काही परिस्थितीत तिच्याशिवाय अभ्यासाला परवानगी देण्याचा विचार व्हावा. मला ती आकडेवारी वेगळे काही सांगते. दारातून आत येऊन पाचव्या मिनिटाला वही काढणाऱ्याला लोक हाकलतात. महिनाभर पारावर बसून मग वही काढणाऱ्याचे काय होते, हे त्या प्रयोगात तपासलेलेच नाही, आणि नेटनोग्राफीचा सगळा मुद्दा तोच आहे.

हे नुसते तात्त्विक राहू नये म्हणून एक उदाहरण शेवटपर्यंत नेऊ. समजा, समाजशास्त्राची एक विद्यार्थिनी नाशिक भागातल्या द्राक्षबागायतदारांच्या फेसबुक समूहाचा अभ्यास करणार आहे. प्रश्न असा: बागेत रोग दिसला की शेतकरी कुणाचा सल्ला मानतो, आणि का?

पहिला निर्णय वेळेचा. द्राक्षाचे वर्ष दोन छाटण्यांनी बांधलेले असते, एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये फळछाटणी. त्यानंतर साधारण चार-साडेचार महिन्यांनी काढणी. म्हणून अभ्यासही एका पूर्ण फेऱ्याचा हवा. ऑक्टोबरात शिरून डिसेंबरात निघणाऱ्याला फक्त घबराट दिसेल. शिवाय फळछाटणीनंतरचे दिवस बागायतदाराच्या डोक्यावर टांगती तलवार असतात. तेव्हा नवख्या माणसाने ओळख करून द्यायला येणे म्हणजे लग्नघरात मंगलाष्टके चालू असताना वर्गणी मागण्यासारखे. ओळख एप्रिलमध्येच करून द्यावी, लोकांना जरा उसंत असताना.

शिरण्याआधी दोन आठवडे समूहाचे नियम, वर चिकटवलेली पोस्ट आणि जुने वाद वाचून काढावेत, पण त्यातले काही उतरवून घेऊ नये. नियमांत ‘जाहिरात नको’, ‘राजकारण नको’ असे काय काय आहे, अॅडमिन किती आणि कोणत्या व्यवसायातले, हे आधी कळले पाहिजे. अॅडमिन स्वतःच कृषी सेवा केंद्र चालवत असेल, तर कुणाचा सल्ला वर राहतो आणि कुणाचा काढून टाकला जातो याचा तोच पहिला धागा. मग अॅडमिनला खासगीत लिहावे, आपल्या खऱ्या नावाच्या आणि जुन्या खात्यावरून. अभ्यासासाठी काल उघडलेले, फोटो नसलेले खाते म्हणजे औषध विकणारा किंवा फसवणारा, अशीच समजूत होते, आणि ती वाजवी आहे.

अॅडमिन ‘हो’ म्हणाला म्हणजे काम झाले असे बरेच जण मानतात. अॅडमिनची परवानगी दाराची किल्ली आहे, आतल्या माणसांची संमती नव्हे. म्हणून समूहात जाहीर निवेदन लागते, आणि ते विद्यापीठाच्या अर्जाच्या भाषेत लिहिले तर कुणी वाचत नाही. ते असे काहीसे असावे:

‘नमस्कार. मी अमुक, अमुक महाविद्यालयात संशोधन करते. बागायतदार एकमेकांना रोग आणि औषधांबद्दल सल्ला कसा देतात, हे समजून घेण्यासाठी मी येत्या मार्चपर्यंत या समूहात असेन आणि टिपणे काढेन. कुणाचेही नाव, गाव, नंबर, फोटो किंवा जसेच्या तसे वाक्य छापणार नाही. माझे बोलणे वहीत नको असे ज्यांना वाटते त्यांनी मला फक्त “नको” एवढे कळवावे. कारण सांगायची गरज नाही.’

शेवटची दोन वाक्ये सगळ्यात महत्त्वाची. माघारीचा मार्ग एका शब्दाचा नसेल तर तो मार्गच नाही. आणि हे निवेदन एकदा टाकून भागत नाही. धावत्या समूहात ते दोन दिवसांत खाली जाते, नवे सदस्य रोज येतात. म्हणून दर महिन्याला पुन्हा टाकावे आणि स्वतःच्या खात्याच्या परिचयातही ‘संशोधक’ लिहावे. व्हॉट्सअॅपच्या समूहात काळजी आणखी वाढते. तिथे सदस्यांचे नंबर दिसतात, आणि सगळे संभाषण ‘एक्स्पोर्ट’ केले तर त्या एकाच फाइलमध्ये सगळ्यांची नावे किंवा नंबर येतात. तिथे एक्स्पोर्टचे बटण दाबूच नये. जेवढे लागेल तेवढेच हाताने टिपावे.

आत आल्यावर पहिले दोन महिने बहुतेक गोष्टी कळत नाहीत, आणि तसे व्हायलाच हवे. ‘आज ४५ वा’ असे कुणी लिहिले तर तो छाटणीपासूनचा दिवस आहे. बागायतदार तारखेने नव्हे, छाटणीपासूनच्या दिवसांनी बोलतात. ‘घड जिरले’, ‘पोंगा’, ‘डीप’, ‘गळ’ हे शब्द माहीत नसलेला माणूस हजार पोस्टची वर्गवारी करेल तेव्हा ती वर्गवारी व्याकरणात बरोबर आणि अर्थात चूक असेल. ‘काय मारू?’ हा प्रश्न शब्द मोजणाऱ्याला ‘हिंसा’ या खान्यातही टाकता येतो, असे गमतीने म्हणतात. पण खरी चूक यापेक्षा बारीक असते. ‘दादा, तुमच्याकडे कसं आहे?’ हा प्रश्न चौकशीचा वाटतो. काही आठवडे वाचल्यावर कळते की हे अनेकदा सल्ला नाकारण्याचे सभ्य रूप आहे: तुमचा उपाय तुमच्याच प्लॉटवर चालला का, ते आधी सांगा.

इथे यंत्राची एक खोड सांभाळावी लागते. फेसबुक समूहाच्या पोस्ट काळाच्या क्रमाने दाखवेलच असे नाही. जास्त गाजलेले वर येते. प्रतिसादही डिफॉल्टने निवडक दिसतात. रोज पाहताना पोस्टचा क्रम ‘नवीन पोस्ट’वर आणि प्रतिसाद ‘ऑल कॉमेंट्स’वर नेला नाही, तर संशोधक समूहाऐवजी समूहातले काय दाखवायचे हे ठरवणाऱ्या यंत्राचा अभ्यास करून बसतो. हे बिघडले आहे हे कसे ओळखायचे? वहीत सलग काही दिवस फक्त गाजलेले वादच दिसू लागले आणि उत्तर न मिळालेली एकही पोस्ट नोंदली गेली नसेल, तर ओळखावे. शेतकऱ्यांच्या समूहात उत्तर न मिळालेले प्रश्न असतातच, आणि सल्ला कुणाला मिळत नाही हे कळायला तेच उपयोगी.

सहभाग किती, हाही प्रश्न आहे. काहीच न बोलणारी संशोधक भिंतीवरची पाल होते, सगळीकडे बोलणारी आपणच घडवलेल्या संभाषणाचा अभ्यास करते. माझ्या मते रेषा अशी: प्रश्न विचारावेत, आभार मानावेत, विषयातले माहीत असेल तर शासकीय शिफारशीचा दुवा द्यावा, पण ‘हे औषध मारा’ असे कधीच म्हणू नये. तिच्या एका ‘लाइक’मुळेही एखादा सल्ला वर सरकतो, म्हणून लाइक केले तर तेही वहीत यावे.

आता वही. बहुतेक प्रबंधांत कमी पडते ते हेच. तीनशे स्क्रीनशॉट एका फोल्डरमध्ये असतात, आणि चार महिन्यांनी कुठला का घेतला हे कुणालाच सांगता येत नाही. स्क्रीनशॉट हा पुरावा आहे, टिपण नव्हे. टिपण त्याच दिवशी लिहायचे असते आणि त्यात पाहिलेले व वाटलेले वेगळे ठेवायचे असते. ‘लोक एकमेकांना मदत करतात, वातावरण आपुलकीचे’ हे निरुपयोगी टिपण. त्याच संध्याकाळचे उपयोगी टिपण, माणसांच्या नावांऐवजी संकेत घालून, असे दिसेल (नोंद कल्पित आहे):

‘१४ नोव्हेंबर, रात्री ९.१० ते ९.५०, मोबाइलवर, नवीन पोस्टच्या क्रमाने. ६.४० ची पोस्ट: पानाचा फोटो, वर तेलकट पिवळे डाग, मजकूर एक ओळ. आत्तापर्यंत २६ प्रतिसाद. पहिले तीन प्रश्न: कितवा दिवस, पाऊस कधी झाला, पान उलटे करून दाखवा. उत्तर: २५ वा. चौथा प्रतिसाद थेट औषधाचे नाव, देणारा द-२ (दुकानदार). त्यावर श-११: “घ्या, दुकान उघडलं.” ७.३० नंतर पोस्ट टाकणारा गप्प. ८.१५ ला दोघांचे “फोन करा”.’

आणि खाली, वेगळ्या रंगात: ‘अंदाज: निदान आधी मागणारे आणि औषध आधी सांगणारे असे दोन गट? पान उलटे दाखवायला सांगणे म्हणजे केवडा रोगाची पांढरी बुरशी पाहणे की नवख्याची परीक्षा? मला श-११ चे वाक्य वाचून हसू आले. मी दुकानदाराच्या विरुद्ध बाजूला झुकते आहे का? विचारायचे: फोनवर काय झाले.’

या टिपणातली शेवटची ओळ संबंध अभ्यासाला वळण देते. शोध ज्या सल्ल्याचा आहे तो सल्ला बहुधा समूहात झालाच नाही. तो फोनवर झाला. पोस्ट ही फक्त ‘मला कुणीतरी फोन करा’ अशी हाक होती. उतरवून घेतलेल्या वर्षभराच्या फाइलमध्ये ही पोस्ट ‘२६ प्रतिसाद, औषधाचा उल्लेख एकदा’ एवढीच राहिली असती. रोज वही लिहिणारीला मात्र ‘फोन करा’ हे दोन शब्द आठवड्यातून पाच वेळा खुपतात, आणि मग ती त्या दोघांची रीतसर संमती घेऊन मुलाखत मागते. तेव्हा तिची आधीची जाहीर ओळख कामाला येते. लपून बसलेल्याला हा फोन करताच येत नाही. केला तर पहिला प्रश्न येतो, ‘तुम्हाला कसं माहीत?’ गुप्तपणे काम केले तर पद्धतही अर्ध्यावर थांबते, असे मी म्हणतो ते यामुळे.

वही कुठे ठेवायची, हेही ठरवून घ्यावे. समाजशास्त्रज्ञ एम. एन. श्रीनिवास यांच्या रामपुरा गावावरच्या, नीट मांडून तयार केलेल्या टिपणांच्या तिन्ही प्रती २४ एप्रिल १९७० रोजी स्टॅनफर्डमधल्या आगीत जळाल्या, कारण तिन्ही एकाच ठिकाणी होत्या. त्यांनी पुढे आठवणीतून पुस्तक लिहिले; प्रत्येकाची स्मृती तशी नसते. आज धोका उलटाही आहे: टिपण हरवण्यापेक्षा ते फुटणे वाईट. म्हणून ‘श-११ म्हणजे कोण’ ही यादी वहीपासून वेगळ्या, पासवर्ड घातलेल्या फाइलमध्ये ठेवावी आणि ती कुणालाही, मार्गदर्शकांनाही, पाठवू नये.

नाव बदलले की ओळख लपते, हा समज मराठीत तर अजिबात टिकत नाही. मराठीत ऑनलाइन मजकूर कमी आहे. एखादे वाक्य अवतरणचिन्हांत घालून सर्च केले की बरेचदा ते लिहिणारा माणूसच पुढे येतो. बोली आणखी घात करते. ‘रातच्याला धुई पडली, सकाळी पानं पार पिवळी’ यातून भाग कळतो, आणि छाटणीचा दिवस व वाण जोडले तर त्या भागातल्या लोकांना प्लॉटही कळू शकतो. इंग्रजीत प्रबंध लिहिणाऱ्याला भाषांतराचा आडोसा मिळतो. मराठीत लिहिणाऱ्याला तो नाही, म्हणून मराठी संशोधकाची जबाबदारी जास्त.

उपाय आहे, पण तो काहीतरी गमावून मिळतो. इंटरनेट संशोधनाच्या अभ्यासक अॅनेट मार्कहॅम यांनी २०१२ मध्ये मांडले की मूळ वाक्य जसेच्या तसे देण्याऐवजी अनेक बोलण्यांतून एक नवे, अर्थाला धरून असलेले बोलणे रचणे हा नीतीचा मार्ग असू शकतो. आकडे गोळा करायची सवय असलेल्या परीक्षकाला ही बनवाबनवी वाटते. माझ्या मते पद्धतीच्या प्रकरणात ते स्पष्ट लिहिले असेल तर ती बनवाबनवी नाही. वरचे वाक्य ‘रात्री धुके पडले आणि सकाळपर्यंत पाने पिवळी झाली होती, असे एकाने लिहिले’ असे करावे. बोलीची चव गेली, पण अर्थ राहिला. बदलायचे काय आणि नाही काय, हे विषयावर अवलंबून: गाव, एकर, वाण बदलता येतात, पावसाचा आणि छाटणीच्या दिवसाचा संबंध बदलला तर निदानच खोटे ठरते. बदलून झाल्यावर नवे वाक्य पुन्हा सर्च करून पाहावे.

ही काळजी फाजील वाटत असेल तर बागायतदाराच्या बाजूने पाहा. २०१० मध्ये क्लोरमेक्वाट क्लोराइड या संजीवकाच्या अंशांमुळे भारतीय द्राक्षे युरोपात अडकली आणि निर्यातदारांचे मोठे नुकसान झाले. निर्यातीची बाग अपेडा या शेतमाल निर्यातीच्या सरकारी संस्थेच्या ग्रेपनेट प्रणालीत नोंदलेली असते, म्हणजे माल मागे थेट प्लॉटपर्यंत शोधता येतो. काढणी जवळ आली असताना अमुक फवारले, असे कुणी समूहात बोलून गेले आणि ते प्रबंधात ओळखू येईल असे छापले गेले, तर नुकसान त्या एका घराचे होईल. असे विधान अभ्यासाला कितीही महत्त्वाचे असले तरी एकट्याचे म्हणून देऊ नये. चार-पाच जणांत दिसले तरच प्रवृत्ती म्हणून सांगावे. ‘अमुक व्यापारी पैसे न देता पळाला’ या पोस्टबाबतही तेच, फक्त तिथे पोस्ट लिहिणारा आणि व्यापारी दोघांचीही ओळख लपवायची असते. शब्दांची किंमत महाराष्ट्राला ठाऊक आहे: नोव्हेंबर २०१२ मध्ये पालघरच्या दोन तरुणींना एका फेसबुक पोस्टपायी अटक झाली होती, एकीने ती लिहिली होती, दुसरीने फक्त लाइक केली होती.

कायद्याचा आधार इथे पुरत नाही. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा माणसाने स्वतःहून सार्वजनिक केलेल्या माहितीला लागूच होत नाही, आणि संशोधनाला त्यात अटींसह सवलतही आहे. म्हणजे कायद्याने हात बांधलेले नाहीत. विद्यापीठांच्या नीती समित्यांनी निदान एवढे करावे: ‘सार्वजनिक मजकूर, संमती लागू नाही’ या एका ओळीवर अर्ज मंजूर करू नये. प्रवेशाचे निवेदन, वहीचा एक नमुना आणि अवतरणे कशी बदलणार त्याचे एक उदाहरण, ही तीन पाने मागावीत. दहा पानी संमतीपत्रापेक्षा त्यातून जास्त कळते.

एक प्रसंग मात्र आधीच ठरवून ठेवावा लागतो, कारण तो आला की विचार करायला वेळ नसतो. अवकाळी पावसानंतर मध्यरात्री कुणी लिहिते, ‘आता सगळं संपलं.’ ही ओळ टिपण नव्हे. वही बाजूला ठेवायची, अॅडमिनला आणि त्या माणसाला ओळखणाऱ्या सदस्याला लगेच फोन करायचा, टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक द्यायचा. अॅडमिनचे नंबर म्हणूनच पहिल्या आठवड्यात घेऊन ठेवायचे. आणि तो प्रसंग प्रबंधात वापरायचा नाही.

मार्च सरला की निघायचे. निघतानाही सांगून: काय दिसले ते दीड पानात, बागायतदाराच्या भाषेत लिहून समूहात ठेवावे आणि पंधरा दिवस प्रतिसादाला द्यावेत. दुकानदार म्हणेल, आम्हाला उगाच खलनायक केले. त्याचे म्हणणे प्रबंधात घ्यावे, पटले तर निष्कर्षही बदलावा. ज्यांनी ‘नको’ कळवले त्यांच्या नोंदी तोवर वहीतून गेलेल्या असाव्यात. तोंडी परीक्षा झाली की संकेतांची यादी पुसायची आणि समूहातून बाहेर पडायचे. पुढच्या ऑक्टोबरात तिथे काय चालले आहे हे पाहण्याची इच्छा होईल. तेव्हा ती नवे निवेदन टाकून आत येईल.